मामाच्या लग्नाची पोस्ट: एक कॅप्शन, तीन ड्राफ्ट आणि रात्री केलेला एक बदल

माझ्या मामाने यंदा लग्न केलं. वय ६४, सातारा, बँकेतून रिटायर. मामीला जाऊन पाच वर्षं झाली. ज्यांच्याशी लग्न केलं त्या मिरजेच्या, ६० वर्षांच्या, शाळेतून रिटायर झालेल्या, त्यांचे यजमान अकरा वर्षांपूर्वी गेले. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणतो कारण मामाच सुरुवातीला "त्या शाळेतल्या बाई" म्हणायचा आणि तेच राहिलं. दोघांची ओळख बसने केलेल्या नर्मदा परिक्रमेत झाली, खिडकीच्या सीटवरून भांडण होऊन.

लग्नाची तयारी वगैरे सोपी गेली, पण फेसबुकवर टाकायच्या आठ-दहा ओळींवर आमच्या घरात जवळजवळ तीन आठवडे चर्चा चालली होती. घरात लिहायचं काम असलं की माझ्याकडे येतं, म्हणून हे पण आलं. नंतर दोन ओळखीच्या घरांतून मला "आमच्याकडेही असंच आहे, काय लिहिलंत" असं विचारलं गेलं, म्हणून सगळं नीट लिहून ठेवतेय. नावं काढून टाकली आहेत.

आधी माणसं सांगते, कारण कॅप्शनमधला प्रत्येक शब्द यांच्यापैकी कुणाला तरी लागणार होता. मामाचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, पुण्याला असतो, त्याची सात वर्षांची मुलगी आहे, आणि तो पहिल्या दिवसापासून या लग्नाच्या बाजूने. मामाची मुलगी २९ वर्षांची, मामी गेल्यावर साताऱ्यालाच घरी राहिली, घरून काम करते. ती विरोधात अजिबात नव्हती पण गप्प होती. बाईंची मुलगी लग्न होऊन बंगळूरला. मामीचं माहेर वाईचं, तिथे तिचा भाऊ. आणि बाईंच्या सासूबाई, वय ८३, मुलगा गेल्यावरही अकरा वर्षं सुनेजवळच राहिलेल्या आणि आता सुनेबरोबर साताऱ्याला येणार असलेल्या. हे शेवटचं नातं लक्षात ठेवा, माझी चूक तिथेच झाली.

लग्न नोंदणी पद्धतीने, १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली. ही गोष्ट कॅप्शनशी संबंधित आहे म्हणून सांगते. यात आधी नोटीस द्यावी लागते आणि तिथून ३० दिवस थांबावं लागतं, नोटिशीची प्रत ऑफिसात सगळ्यांना दिसेल अशी लावतात. म्हणजे साताऱ्यासारख्या गावात नोटीस लागली की बातमी फुटलीच समजा, कुणाचा ना कुणाचा भाचा त्या ऑफिसात कामाला जातोच. मामा म्हणाला की मग हे ३० दिवसच आपण सांगण्यासाठी वापरू. आणि ठरलं की ज्याला ही पोस्ट वाचून धक्का बसू शकतो, त्या माणसाला ही बातमी पोस्टवरून कळताच कामा नये.

सगळ्यात आधी दोघांची मुलं, ती तर बोलण्यात होतीच. मग नोटीस द्यायच्या आदल्या रविवारी मामा एकटा एसटीने वाईला गेला, मामीच्या भावाकडे. फोन केला नाही, कारण फोनवर समोरच्याला लगेच "अरे वा, छान" म्हणावं लागतं, समोर बसलं की गप्प बसायला जागा मिळते. आणि तो खरंच बराच वेळ गप्प बसला म्हणे, मग म्हणाला, "भावजी, तुम्ही करा. मी लग्नाला येणार नाही. पण फोटो टाकलात तर मला वाईट वाटणार नाही." मामाला हे पुरेसं होतं. त्याने पुन्हा आग्रह केला नाही, आणि हेही मला महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडे लोक "या हो, या हो" करून समोरच्याला नाही म्हणण्याचा हक्कच ठेवत नाहीत. त्यानंतर मामाच्या दोन बहिणी (एक माझी आई), मग बाईंचे दीर-जाऊ, मग चुलत घरं, मग व्हॉट्सॲप ग्रुप आणि सगळ्यात शेवटी फेसबुक. फेसबुक लग्नाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, त्याआधी कुणी काही टाकायचं नाही असं सगळ्यांना सांगितलं.

आता ड्राफ्ट. पहिला दादाने लिहिला, रात्री दीड वाजता, मनापासून. असा होता:

"आज बाबांच्या आयुष्यात नव्याने पहाट झाली. आई गेल्यापासून बाबा खूप एकटे पडले होते. आम्हा मुलांना त्यांची सतत काळजी वाटायची. म्हणून आम्ही मुलांनीच पुढाकार घेऊन बाबांचं लग्न लावून दिलं. आता त्यांना हक्काचा आधार मिळाला आहे. वय हा फक्त आकडा असतो! #सेकंडइनिंग"

वाचायला गोड आहे, अशा पोस्ट आपण रोज बघतो आणि हार्ट देतो. पण मी हा ड्राफ्ट प्रिंट काढून मामाच्या डायनिंग टेबलवर ठेवला आणि प्रत्येकाला म्हटलं, तुम्हाला जिथे टोचतं तिथे पेनाने खूण करा, कारण सांगायची गरज नाही. कागद परत आला तेव्हा "वय" आणि "आकडा" सोडून जवळजवळ सगळ्यावर खुणा होत्या.

"खूप एकटे पडले होते" याच्यावर मामाच्या मुलीची खूण होती, पेन कागदातून आरपार गेलेलं. मला आधी कळलंच नाही. मग ती स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून म्हणाली, "ताई, मी पाच वर्षं या घरात होते ना गं. रोज सकाळचा चहा आम्ही दोघांनी घेतलाय. मग एकटे कसे?" मी खाली बसले अक्षरशः. उतारवयातल्या लग्नाच्या जवळजवळ प्रत्येक पोस्टमध्ये एकटेपणा असतो, कारण लग्नाला कारण द्यावंसं वाटतं आणि हे कारण सगळ्यांना पटतं. पण ज्या मुलांनी त्या काळात औषधं आणली, रात्री दवाखान्यात बसली, आपली बदली पुढे ढकलली, त्यांच्या डोळ्यासमोर तुम्ही चारचौघांत लिहिता की बाबा एकटे होते, म्हणजे तुम्ही होतात पण मोजण्यात नव्हतात. ती गप्प का होती हे मला त्या दिवशी कळलं, आणि ते लग्नाबद्दल नव्हतंच, ते लोक लग्नाचं जे कारण सांगत फिरत होते त्याबद्दल होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा तिच्याशी बोलला, काय ते मी विचारलं नाही, पण त्यानंतर ती साडीखरेदीला बाईंबरोबर गेली.

"आधार मिळाला" वर बाईंची खूण. त्या म्हणाल्या, "मी यांच्याशी लग्न करतेय, नर्स म्हणून नाही लागले." रागाने नाही म्हणाल्या, शिक्षक वहीत चूक दाखवतात तसं. आणि खरंच आहे, आधार म्हटलं की एक जण देणारा आणि एक घेणारा होतो, आणि आपल्याकडे देणारी बाईच असते, बीपीच्या गोळ्या आणि पथ्याचं जेवण सकट. दोन माणसं एकमेकांना आवडली हे त्या शब्दात कुठेच राहत नाही.

"नव्याने पहाट" वर दोन खुणा, मामाची आणि त्याच्या मुलीची. पहाट म्हटलं की आधी रात्र होती असं होतं. मामीबरोबरची ३१ वर्षं रात्र होती का? दादाला तसं म्हणायचंच नव्हतं, बिचारा कानकोंडा झाला, पण "अखेर सुख मिळालं", "पुन्हा जगायला लागले", "नवी सुरुवात" या सगळ्याला हाच रोग आहे, नव्याला उजळ दाखवायला जुन्यावर काजळी फासली जाते. "सेकंड इनिंग"ही त्याच कारणाने गेली. आणि तो शब्द इतका घासलाय की रिटायरमेंटपासून गुडघ्याच्या ऑपरेशनपर्यंत सगळ्याला लावतात.

"आम्ही मुलांनीच लग्न लावून दिलं" ही ओळ कौतुकाची वाटते, आणि लोक त्याच ओळीला सगळ्यात जास्त शाबासकी देतात, किती मोठ्या मनाची मुलं. पण त्यात दोन मोठी माणसं, ज्यांनी स्वतः ठरवलं, बसमध्ये भांडली, दोन वर्षं फोनवर बोलली, ती बाहुला-बाहुली होऊन जातात. शिवाय ते खरंही नव्हतं. मुलांना मामाने सांगितलं होतं, मुलांनी मामाला नाही. दादाने स्वतःच ती ओळ खोडली आणि म्हणाला की मग पोस्ट मी लिहायचीच नाही, बाबांनीच लिहायची, त्यांच्या अकाउंटवरून. मला वाटतं की या सगळ्या प्रकरणात झालेला सगळ्यात मोठा निर्णय हाच. कारण "मी लग्न केलं" हे ज्याने केलं त्याने म्हटलं की अर्धे प्रश्न उरतच नाहीत, मुलांच्या तोंडी आनंद घालावा लागत नाही, नव्या बायकोला "आमची नवी आई" म्हणायचं की नाही हा वाद राहत नाही. २९ वर्षांच्या मुलीला नवी आई मिळत नसते, तिला एक चांगली बाई घरात मिळते, पुढचं पुढे.

मग मामाने लिहिला दुसरा ड्राफ्ट आणि तो अगदी बँकेचं सर्क्युलर झाला. पाच परिच्छेद. "सर्व आप्तेष्टांशी विचारविनिमय करून, दोन्ही बाजूंच्या मुलांच्या पूर्ण संमतीने, सांगोपांग विचाराअंती", आणि शेवटी "कोणाचाही गैरसमज होऊ नये ही नम्र विनंती". इथे माझी आई, जी एरवी अशा गोष्टीत पडत नाही, ती म्हणाली, "अण्णा, तू लग्नाची बातमी देतोयस का माफीनामा?" झालं, तो गेला. संमतीचा उल्लेख केला की वाचणारा लगेच विचार करतो की कुणाची नव्हती. आणि मोठ्या वयात लग्न करणाऱ्यांना हा मोह फार होतो, कारण लोक काय म्हणतील याचं उत्तर ते लोकांनी विचारायच्या आधीच देऊन टाकतात.

मधल्या काळात नातेवाईकांकडून शब्दांचा आहेर चालूच होता. एका काकांनी पत्रिकेचा मजकूर स्वतःहून लिहून पाठवला, त्यात बाईंच्या नावाआधी गं. भा. होतं. आता ते जुन्या वळणाचे आहेत, त्यांच्या लेखी तो मान आहे, पण ज्या बाईचं लग्न आहे तिच्याच पत्रिकेवर ती विधवा आहे हे पहिल्या दोन अक्षरांत छापायचं? २०२३ मध्ये विधवांसाठी हाच शब्द वापरायची सूचना मंत्र्यांकडून आली होती तेव्हा केवढा विरोध झाला होता ते आठवत असेल. आम्ही सौ., श्रीमती, चि. सौ. कां., कै. सौ., सगळंच काढलं आणि सगळ्यांची नुसती नावं ठेवली. काकांना मामाने फोन करून सांगितलं की मजकूर छान आहे, आम्ही छोटा केलाय.

दुसऱ्या एका आत्याने सुचवलं, "तिच्या कपाळी पुन्हा कुंकू आलं." बाई हसल्या आणि म्हणाल्या की माझ्या कपाळावरची टिकली एक दिवस गेली नव्हती, सासूबाईंनी जाऊ दिली नाही. यजमान गेले त्या दिवशी बांगड्या काढायला बायका पुढे आल्या तेव्हा सासूबाईच आडव्या झाल्या होत्या. हे हेरवाडच्या ठरावाच्या कितीतरी आधीचं, म्हणजे शिरोळ तालुक्यातल्या त्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला तो मे २०२२ मध्ये. त्यांच्या भागात तो ठराव झाला तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, बघ, आपलं आधीच झालंय. तर अशा बाईला "पुन्हा कुंकू लागलं" म्हणणं म्हणजे तिची आणि तिच्या सासूची अकरा वर्षं पुसून टाकणं.

आणि एका भाच्याने म्हटलं की यात धोंडो केशव कर्व्यांचा उल्लेख टाका, पोस्टला उंची येईल. कर्वे स्वतः विधुर होते, पदरी मुलगा होता आणि १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं तेव्हा मुरुडला त्यांच्यावर बहिष्कार पडला, ते खरं धाडस. बाईंनी स्पष्ट नको म्हटलं, "आम्ही काही समाजसुधारणा करत नाही आहोत, मला हे आवडले." मला फार आवडलं ते वाक्य, पण त्यांनी ते पोस्टमध्ये घालू दिलं नाही.

दादाच्या मुलीचा वेगळाच हट्ट होता. तिने शाळेतल्या मैत्रिणीच्या मामाच्या पत्रिकेवर वाचलं होतं तसं तिला "आमच्या आजोबांच्या लग्नाला यायचं हं!" असं लिहायचं होतं, खाली स्वतःच्या नावासकट. सगळे खूप हसले आणि सगळ्यांना ते हवंही होतं. पण फेसबुकवर नको ठरलं, कारण तिथून स्क्रीनशॉट निघतो, कुठल्या तरी जोकच्या ग्रुपवर जातो आणि आजोबांचं लग्न हा विनोद होतो. म्हणून ती ओळ जेवणाच्या आमंत्रणात घातली, जे फक्त चाळीस जणांना व्हॉट्सॲपवर एकेकट्याला पाठवलं. त्या चाळीस जणांपैकी प्रत्येक जण त्या पोरीला ओळखतो. तीच ओळ, तेच शब्द, पण आपल्या माणसांत ते लाड आहेत. खाली "आपली उपस्थिती हाच आहेर".

तिसरा ड्राफ्ट मी आणि मामाने मिळून केला, म्हणजे मी त्याला प्रश्न विचारले आणि तो बोलला ते टाईप केलं. मी तीनच गोष्टी धरून ठेवल्या. बातमी पहिल्या वाक्यात, कारण फेसबुकवर पहिल्या काही ओळीच दिसतात, बाकी "आणखी पहा" खाली जातं, आणि पहिल्या ओळीत मामीची आठवण आली असती तर स्क्रोल करणारा श्रद्धांजली समजून हात जोडून पुढे गेला असता. मामीचं नाव एकदाच, साध्या वाक्यात. आणि कारण कुठेही द्यायचं नाही. हे झालं:

"काल साताऱ्याच्या विवाह नोंदणी कार्यालयात मी आणि (बाईंचं नाव) यांनी लग्न केलं. मी ६४ चा, ती ६० ची. नर्मदा परिक्रमेच्या बसमध्ये खिडकीच्या जागेवरून वाद झाला तिथून ओळख. (मामीचं नाव) बरोबर मी ३१ वर्षं संसार केला, तो माझ्याजवळ आहे आणि राहील. सह्या करताना आमची मुलं शेजारी उभी होती. आम्ही आनंदात आहोत. साताऱ्याला आलात की घरी या. चहा ती छान करते, मी त्याहून छान करतो."

मामीच्या वाक्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. मी आधी "तिची जागा कुणी घेऊ शकत नाही" लिहिलं होतं, जे सगळे लिहितात. ते वाचून मामाच म्हणाला की हे मी नवीन लग्नाच्या दिवशी म्हणतोय, म्हणजे बाईंना मी काय सांगतोय, की तू दुय्यम? खरंच. मग "तिचा आशीर्वाद आहेच" असं एकाने सुचवलं. तेही नको, गेलेल्या माणसाच्या नावावर आपण परवानगी छापून घ्यायची नाही. "आज ती असती तर तिला आनंद झाला असता" यात तर अर्थाचाच घोळ आहे, ती असती तर हे लग्नच नसतं. शेवटी फक्त जे खरं आणि मामाचं स्वतःचं होतं तेवढंच ठेवलं, किती वर्षं आणि ती कुठे आहेत. मुलीने ते वाचलं आणि खूण न करता कागद परत दिला.

"आमची मुलं" हेही मुद्दाम. "माझी दोन आणि तिची एक" केलं असतं तर हिशोब वाटला असता, आणि "आता आमचा पाच जणांचा परिवार" केलं असतं तर बंगळूरच्या मुलीला न विचारता तिला नवीन वडील देऊन टाकले असते.

फोटो. घरातला एक फार सुंदर आला होता, दोघं सोफ्यावर, हसताना, पण मागे भिंतीवर मामीचा हार घातलेला फोटो. कुणीतरी म्हणालं क्रॉप करू. मुलगी म्हणाली आईला क्रॉप करायचं नाही. आणि न करता टाकला असता तर सगळ्यांचं लक्ष तिथेच गेलं असतं, नव्या नवरीकडे नाही. तो फोटो घरच्या अल्बममध्ये राहिला आणि पोस्टला ऑफिसातला सहीचा घेतला, बाई सही करताहेत, मामा चष्मा कपाळावर चढवून त्यांच्या हाताकडे बघतोय, मागे तीन साक्षीदार, म्हणजे दादा, बाईंची मुलगी आणि मामाचा शाळेतला मित्र. एकच फोटो. दहा टाकले की लोक प्रत्येकात कोण नाही ते शोधत बसतात, आणि मामीचा वाईचा भाऊ नव्हता.

टॅग कुणालाच केलं नाही, बाई सोडून. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं की पोस्ट फक्त "मित्र" वर ठेवली तरी ज्याला टॅग करता त्याच्या मित्रांनाही ती साधारणपणे दिसते. म्हणजे मुलीला टॅग केलं असतं तर तिच्या ऑफिसातले लोक, जुने कॉलेजचे, सगळे तिच्या वडिलांच्या लग्नावर तिलाच अभिनंदन करत बसले असते आणि तिला दिवसभर आनंदी चेहरा करून उत्तरं द्यावी लागली असती. तिला जेव्हा वाटेल तेव्हा ती टाकेल. तिने आठ दिवसांनी स्टेटसला बाईंच्या हातच्या कडाकण्यांचा फोटो टाकला, कॅप्शन नव्हतंच.

लग्नाच्या दिवशी एक गडबड झालीच. साडेअकराला सह्या झाल्या आणि पावणेबाराला एका मावसभावाने स्टेटस टाकलं, "मामा पुन्हा बोहल्यावर" आणि पुढे हसणारे चेहरे. वाईट हेतू शून्य. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं की वाईला तुझा नंबर सेव्ह आहे. त्याने लगेच काढलं. स्टेटस कुणी कुणी बघितलं ते दिसतं, वाईचं नाव त्यात नव्हतं, सुटलो. म्हणून सांगते की "आधी कुणी टाकू नका" हे ग्रुपवर लिहून भागत नाही, उत्साही माणसांना एकेकट्याला सांगावं लागतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला मामाने पोस्ट टाकली. कमेंट येत गेल्या आणि मामाने ठरवल्याप्रमाणे स्वतःच उत्तरं दिली, मुलांनी नाही, कारण बापाची बाजू मुलं मांडायला लागली की वाद आहे असं दिसतं. एकाने लिहिलं, "बरं झालं, आता काळजी घ्यायला कुणीतरी आलं." मामाचं उत्तर, "काळजी दोघंही घेऊ. तुम्ही जेवायला कधी येता?" मामीच्या एका मैत्रिणीने लिहिलं, "आज तिची फार आठवण आली." हिला काय उत्तर द्यायचं यावर मी विचार करत होते तोवर मामाने लिहून टाकलं होतं, "मलाही." आणि बाईंनी त्या कमेंटला हार्ट दिलं होतं. एका लांबच्या नातेवाइकाचं "या वयात??" असं दोन प्रश्नचिन्हांसकट आलं. डिलीट केलं असतं तर त्याला कळलं असतं आणि तो पुन्हा आला असता. आम्ही ती कमेंट लपवली, त्यामुळे ती ज्याने लिहिली त्याला आणि त्याच्या मित्रांना दिसत राहते, बाकीच्यांना नाही, आणि भांडण होत नाही.

आणि मग रात्री दहाच्या सुमारास बाईंचा मला फोन आला, आवाज हळू. सासूबाई अजून मिरजेलाच होत्या, त्यांना आणायचं पुढच्या आठवड्यात ठरलं होतं. तिथे शेजारच्या मुलीने त्यांना मोबाईलवर पोस्ट मोठ्याने वाचून दाखवली. सासूबाईंनी पूर्ण ऐकली, खूश झाल्या, चहाच्या वाक्याला हसल्या, आणि मग विचारलं, "त्यात माझ्या मुलाचं नाव नाही का गं?"

नव्हतं. मी मामीच्या एका वाक्यावर तीन दिवस घालवले, गं. भा. काढलं, टॅगचं बघितलं, आणि बाईंच्या यजमानांचा एक शब्द नव्हता. मी एकदा विचारलं होतं तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "तुमच्या मामांच्या पोस्टमध्ये त्यांचं नाव कशाला," आणि मी ते लगेच मानलं, कारण सोपं होतं. पण कागद टेबलावर फिरला तो साताऱ्याच्या टेबलावर. मिरजेला मी तो पाठवलाच नाही. पोस्टवर पुरुषाची गेलेली बायको होती आणि बाईचा गेलेला नवरा नव्हता, जणू त्या कुठून तरी अशाच बसमध्ये येऊन बसल्या. आणि ज्या म्हातारीने त्यांच्या बांगड्या काढू दिल्या नव्हत्या तिचाही उल्लेख नव्हता.

मी मामाला फोन केला. त्याने एक मिनिट काही म्हटलं नाही, मग म्हणाला, "बाईंना आधी विचार, मग त्यांच्याकडून सासूबाईंना विचार कसं लिहू." बाईंनी मिरजेला फोन लावला, साडेदहाला, शेजारच्या मुलीला पुन्हा बोलावलं. फेसबुकवर पोस्ट एडिट करता येते, फक्त आधीचं काय होतं तेही बघणाऱ्याला बघता येतं. मामा म्हणाला बघू देत. मामीच्या वाक्यानंतर हे वाढवलं:

"तिने (यजमानांचं नाव) यांच्याबरोबर २४ वर्षं संसार केला. त्यांच्या आई आता आमच्या घरी राहणार आहेत."

"तिच्या सासूबाई" लिहायचं की काय यावर मी अडले होते, कारण कालपासून त्या नक्की कोण लागतात ते कुणालाच सांगता येत नव्हतं. "त्यांच्या आई" हे सासूबाईंनीच सुचवलं.

अकराच्या आत पोस्ट बदलली. शेजारच्या मुलीने पुन्हा सगळी वाचली, पहिल्या ओळीपासून. मग म्हणे सासूबाईंनी विचारलं की हे मोबाईलवर किती दिवस राहतं, मुलगी म्हणाली काढलं नाही तर कायमचं, तेव्हा त्या म्हणाल्या बरं, आणि झोपायला गेल्या.